संघटनात्मक आढावा अहवाल: सोबतचे टिपण

गोपनीय
प्रति: मा. मुख्य कार्यकारी अधिकारी
प्रेषक: एचआर विभागप्रमुख, शिरोली
विषय: सल्लागारांचा अहवाल, शिफारशी आणि आपला निर्णय

साहेब,

अहवाल ८४ पानांचा आहे. वेळ कमी असेल तर पान ९ ते १४ आणि पान ५१ वरचा तक्ता एवढे वाचावे. बाकीचा बराचसा भाग आपल्याला ठाऊक असलेलीच माहिती आहे, फक्त नीट मांडलेली.

सल्लागारांनी शिरोलीची फाउंड्री आणि कागलचे मशीन शॉप मिळून ४१ जणांशी बोलणे केले. त्यांचे मुख्य म्हणणे असे: माणसे कमी नाहीत, निर्णय वर येऊन साचतात. मेमध्ये खरेदीच्या ६३ मागण्या आपल्या सहीसाठी आल्या. त्यांतल्या ३८ पन्नास हजारांच्या आतल्या होत्या. एक तर कोअर शॉपच्या एक्झॉस्ट फॅनच्या मोटरची होती, ती नऊ दिवस थांबली.

शिफारशी सात आहेत. अहवालात त्या विषयवार आहेत. मी त्या लागणाऱ्या कष्टांप्रमाणे लावल्या आहेत, सोप्या आधी.

महिन्याभरात, खर्चाशिवाय

१. रिजेक्शनचा एकच आकडा. आज फाउंड्री फेटलिंगनंतर मोजते, कागल मशीनिंगला ब्लो होल उघडा पडल्यावर मोजते, आणि महिनाअखेरीला दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. एकच तक्ता, तोही हीट नंबरप्रमाणे. क्वालिटीची दोन माणसे आठवड्यात बसवू शकतील.

२. रोज सकाळी सव्वाआठला शॉप फ्लोअरवर उभ्यानेच पंधरा मिनिटांची बैठक. कागलची मंडळी फोनवर. चहा नंतर.

३. खरेदीचे अधिकार: पन्नास हजारांपर्यंत वर्क्स मॅनेजर, दोन लाखांपर्यंत युनिट हेड. सल्लागारांनी याला सर्वांत सोपी शिफारस म्हटले आहे. माझे मत वेगळे आहे. कागद अर्ध्या दिवसात तयार होईल. पण पहिल्याच महिन्यात कोणी तरी “साहेबांना एकदा विचारून घेऊ” म्हणत आपल्या केबिनपाशी येईल, आणि आपण सही केलीत की सगळे पूर्ववत. मनात नसेल तर ही शिफारस आत्ताच बाजूला ठेवावी. परिपत्रक काढून मग न पाळणे जास्त वाईट.

हे जमू शकते, याचा दाखला आपल्याच घरात आहे. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आपल्याला शहरातून येता आले नाही. भट्टी रिकामी करून बंद करायचा निर्णय वर्क्स मॅनेजरांनी परस्पर घेतला आणि तो बरोबर ठरला.

एका तिमाहीत, थोडी नाराजी गृहीत धरून

४. क्वालिटी प्रमुखांनी प्रॉडक्शनला नव्हे, थेट आपल्याला रिपोर्ट करावे. प्रॉडक्शन प्रमुखांना हे लागेल. परिपत्रकाआधी आपण स्वतः त्यांच्याशी बोलावे, ही विनंती.

५. मेल्टिंग आणि पॅटर्न शॉपमध्ये प्रत्येकी एक जोडीदार तयार करणे. पॅटर्न शॉपचे आपले मिस्त्री येत्या मार्चमध्ये निवृत्त होतात. जुन्या पॅटर्नमधल्या दुरुस्त्या त्यांच्या डोक्यात आहेत, ड्रॉइंगवर नाहीत. अहवालाने याला दोन ओळी दिल्या आहेत. मी मात्र हे या आठवड्यातच सुरू करू इच्छितो.

वर्ष किंवा जास्त

६. दोन्ही युनिटचे प्लॅनिंग एकत्र करणे. योग्य आहे, पण सॉफ्टवेअर बदलावे लागेल. शिफारस १ चा आकडा सहा महिने सरळ आला की मगच हात घालावा.

७. सातऐवजी पाच स्तर. यात ११ पदे जातात. अहवालातले हेच पान सर्वांत जास्त चर्चेत येणार आणि आज तेच सर्वांत कमी उपयोगाचे आहे. युनियनचा करार डिसेंबरमध्ये संपतो. बोलणी चालू असताना ही यादी बाहेर पडली तर बाकी सहाही शिफारशी बुडतील. बदल्या आणि निवृत्तीतून किती पदे आपोआप कमी होतात, ते मी मोजून देतो. तोवर हा विषय नको.

परिशिष्ट ‘क’ कृपया कोणालाही देऊ नये. त्यात मुलाखतींतली वाक्ये निनावी छापली आहेत. पण स्टोअरमध्ये माणसे तीनच, त्यामुळे “आम्हाला कोणी विचारतच नाही” हे कोण म्हणाले ते सगळ्यांना कळेल. मुलाखत घेताना नाव बाहेर जाणार नाही असा शब्द मीच दिला होता.

आपल्याकडून हवे ते असे: १, २ आणि ५ ला मंजुरी, ३ बद्दल स्पष्ट होकार किंवा नकार, ४ साठी प्रॉडक्शन प्रमुखांबरोबर भेटीची वेळ. शुक्रवारपर्यंत कळले तर पहिली सकाळची बैठक पुढच्या मंगळवारी घेता येईल. त्या दिवशी सव्वाआठला आपणही फ्लोअरवर आलात तर बरे होईल.

एचआर विभागप्रमुख

सोबत: मूळ अहवाल, परिशिष्ट ‘क’ वेगळ्या बंद पाकिटात