हॉलतिकीट वाटण्याआधी

बसा, मुलांनो. मागच्यांनी पुढे सरकून घ्या, आज माईक नाही लावलेला. वह्या काढू नका, लिहून घेण्यासारखं मी काही सांगणार नाहीये.

सोमवारी तुमच्या वर्गशिक्षकांनी तुम्हाला एकेक चिठ्ठी दिली होती. नाव न घालता, परीक्षेची भीती नेमकी कशाची वाटते ते लिहा, असं सांगितलं होतं. तिन्ही तुकड्यांच्या मिळून एकशे अठरा चिठ्ठ्या आल्या. त्या सगळ्या मी घरी नेल्या आणि दोन रात्री वाचल्या. अक्षर ओळखायचा प्रयत्न केलेला नाही, हे आधी सांगते. आणि त्यातलं काही कुणाच्या घरीही कळवलेलं नाही.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांमध्ये एकच गोष्ट होती: ‘पेपर हातात आल्यावर काहीच आठवलं नाही तर?’ हे होतं. अभ्यास झालेल्यांचंही होतं. घाबरलं की छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, आणि डोकं दोन-तीन मिनिटं दुसरं काही ऐकत नाही. पाठ केलेलं पुसलं गेलेलं नसतं, त्या क्षणी फक्त सापडत नाही. तेव्हा पेन खाली ठेवायचं. पाणी प्यायचं. श्वास सावकाश बाहेर सोडायचा, आत घेतला त्याहून जास्त वेळ. असं चार-पाच वेळा करा. मग पेपरात जे ओळखीचं दिसेल तिथून सुरुवात करा, तो शेवटचा प्रश्न असला तरी चालेल. प्रश्नाचा क्रमांक नीट घातला की क्रम तुमच्या मर्जीचा. एक उत्तर लिहून झालं की त्याच्या मागून दुसरं आठवायला लागतं. पेपर अकरा वाजता हातात मिळेल आणि शेवटी दहा मिनिटं जादा आहेत. पाच मिनिटं शांत बसण्यात गेली तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

एका चिठ्ठीत लिहिलंय, ‘बोर्डाचे सर कडक असतील, माझं अक्षर बघून चिडतील.’ यावर मला जरा बोलायचंय, कारण ते बोर्डाचे सर म्हणजे मीच. बावीस वर्षं मी दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. बोर्डाचं मुख्य कार्यालय इथेच, आपल्या पुण्यात आहे. पण पेपर तपासणारी माणसं तिथे कुठे लपून बसलेली नसतात. कुठल्यातरी शाळेतल्या बाई, कुठल्यातरी शाळेतले सर, तास संपले की गठ्ठा पुढे घेऊन बसतात. समोरच्या उत्तरपत्रिकेवर तुमचं नाव नसतं, शाळा नसते. आम्ही बघत असतो, गुण कुठे देता येतील. उत्तर अर्धं असलं तरी त्यात बरोबर काय आहे ते शोधतो. गणितात उत्तर चुकलं तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात. आमच्या हातून निसटू नये म्हणून नियामक पुन्हा बघतात. कोरं पान आलं की मात्र आमचे हात बांधले जातात. म्हणून येत असेल तेवढं लिहून ठेवा. सूत्र आठवलं तर सूत्र, आकृती आठवली तर आकृती. अक्षर सुंदर नसलं तरी चालतं, वाचता आलं की झालं.

आणखी एक. शंभरातले शंभर गुण काही त्या एका दिवशी ठरत नाहीत. प्रत्येक विषयाचे वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, ते काम तुम्ही वर्षभर इथेच केलंय आणि ते पूर्ण झालंय. शिवाय टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरतात. तेव्हा एखादा पेपर अवघड गेला तर त्या दिवशी संध्याकाळी उत्तरं जुळवत बसू नका. गेटबाहेर घोळका जमेल, ‘तुझं काय आलं’ सुरू होईल. तिथे थांबायलाच हवं असं नाही. सरळ घरी जा, जेवा, झोपा.

आता ज्या चिठ्ठ्या मला जड गेल्या त्या. ‘आई दोन घरची कामं जास्त करते माझ्या क्लाससाठी. मी नापास झालो तर तिला तोंड कसं दाखवू?’ बाळा, तू इथेच कुठेतरी बसला आहेस. आई कामं करते ती तू शिकावंस म्हणून, त्याची परतफेड मार्कांत करायची असते असं तिनं कधी म्हटलंय का? बहुतेक नसेल. ते ओझं तू स्वतःच उचललंयस, तुझं तिच्यावर प्रेम आहे म्हणून. आज घरी गेल्यावर तिला सांग, मला भीती वाटतेय. एवढंच सांग.

‘नव्वदच्या खाली आले तर बाबा बोलणार नाहीत’, असंही चौघांनी लिहिलंय. पालकांशी बोलायचं काम माझं. शनिवारी सकाळी पालकसभा ठेवली आहे. कुणाचं नाव न घेता मी बोलणार आहे आणि स्पष्ट बोलणार आहे.

आणि नापास झालं तर? हा शब्द उच्चारायला आपण घाबरतो, म्हणून तो मोठा होतो. जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. गुण कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं. या वाटा बोर्डानंच ठेवल्या आहेत. या शाळेतली मुलं त्या वाटांनी गेली आहेत, मी त्यांचे फॉर्म भरून दिले आहेत. त्यांच्याकडे बघण्याची माझी नजर काडीनंही बदललेली नाही.

एक चिठ्ठी कोरी आली. घडी घालून टाकलेली, पण आत काहीच नाही. ती ज्या कुणाची असेल, त्याच्यासाठी सांगते: लिहिता आलं नाही तरी चालेल. माझ्या खोलीचं दार सकाळी साडेसातपासून उघडं असतं, येऊन नुसतं बसलं तरी चालेल. रात्री-अपरात्री फार अंधारून आलं, जगणंच नको वाटलं, तर घरातल्या कुणालातरी उठवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबरही आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. हा एक नंबर मात्र लिहून घ्या. सगळ्यांनीच घ्या, म्हणजे कुणी घेतला ते दिसणार नाही.

बाकी किरकोळ. साडेदहापर्यंत केंद्रावर पोचायचंय. केंद्र टिळक रोडच्या बाजूला आहे. जनता वसाहतीतले, दत्तवाडीतले चालत जाल, पण सिंहगड रोडवरून येणाऱ्यांनी तिथली गर्दी धरून निघा. आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या. दोन पेनं सारख्या शाईची, आणि ज्यांनी सराव परीक्षा लिहिली तीच, नवीन नको. सकाळी पोटात काहीतरी जाऊ द्या, पोळीभाजी नको वाटली तर दूधपोहे. पहिल्या पेपरला मी आणि जोशीबाई गेटपाशी उभ्या असू. हॉलतिकीट घरी राहिलं तरी रडत परत जाऊ नका, आधी आमच्याकडे या.

आता अ तुकडी उठा. एकेकानं पुढे या. हॉलतिकिटावर नाव, फोटो, विषय, माध्यम नीट बघा. चूक दिसली तर लगेच सांगा, दुरुस्तीला अजून वेळ आहे. घाई नाही. सगळ्यांचं होईपर्यंत मी इथेच आहे.