ऑगस्ट महिन्याचे प्रगतीटिपण : ईरा, इयत्ता सातवी (गणित व मराठी)

ईराच्या आई-बाबांना सप्रेम नमस्कार,

या महिन्यात झालेल्या १२ तासांपैकी ईरा १० तासांना आली. वही वेळेवर देते आणि अक्षरही आता सुटसुटीत झाले आहे. भूमितीत मला तिची काळजी नाही. कोनमापक आणि कंपास ती वर्गातल्या बहुतेक मुलांपेक्षा नेटका वापरते.

काळजी आहे ती अपूर्णांकांची. शेवटच्या शनिवारच्या चाचणीत तिला २५ पैकी ११ गुण मिळाले आणि गेलेल्या १४ गुणांपैकी ९ गुण एकट्या अपूर्णांकांत गेले. तिने २/३ + १/४ = ३/७ असे लिहिले, म्हणजे अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. मी तिला विचारले, "दोन तृतीयांश अर्ध्याहून जास्त की कमी?" "जास्त," ती लगेच म्हणाली. "आणि तीन सप्तमांश?" थोडा विचार करून म्हणाली, "कमी." मग स्वतःच वहीकडे पाहत राहिली, कारण मिळवल्यावर संख्या लहान झाली होती. तिला समज आहे. पेन्सिल हातात घेतली की ती समज बाजूला राहते. यात माझीही चूक आहे. बेरीज पक्की होण्याआधीच मी गुणाकाराकडे वळले. सप्टेंबरचा पहिला आठवडा मी पुन्हा बेरीज-वजाबाकीलाच देणार आहे.

दुसरी अडचण ऋण संख्यांची. "ऋण ऋण धन" हे तिने पाठ केले आहे, पण तो नियम गुणाकार-भागाकाराचा आहे. ती तो बेरीज-वजाबाकीतही लावते आणि –३ – ५ चे उत्तर ८ काढते. संख्यारेषेवर बोट ठेवले की –८ बरोबर येते.

शाब्दिक उदाहरणांत ती घाई करते. "टाकीत पाऊण भाग पाणी आहे. त्यातले अर्धे वापरले, तर टाकीचा किती भाग पाणी उरले?" तिने ३/४ मधून १/२ वजा केले आणि १/४ लिहिले. खरे उत्तर ३/८, कारण अर्धे म्हणजे टाकीचे अर्धे नव्हे, त्या पाण्याचे अर्धे. "त्यातले" हा एवढासा शब्द निसटला. पाढे १२ पर्यंत पक्के आहेत. १३ ते १९ ओळीने म्हणता येतात, पण मधूनच "सतरा आठे?" विचारले की ती पहिल्यापासून मोजायला लागते.

मराठीत तिच्या निबंधाला स्वतःचा विचार असतो, मला वाचायला आवडतो. शुद्धलेखनात मात्र एकच चूक पुन्हा पुन्हा होते : "फूलावर", "बहीणीला", "पूलाखाली". फूल, बहीण, पूल हे मूळ शब्द ती बरोबर लिहिते. प्रत्यय लागल्यावर ते फुलावर, बहिणीला, पुलाखाली होतात, एवढेच तिच्या लक्षात राहत नाही.

आता घरच्या सरावाविषयी. रोज २० मिनिटे पुरेत, रविवारी सुट्टी. पहिले दोन आठवडे रोज फक्त तीन अपूर्णांक द्या आणि उत्तर काढण्याआधी तिला अंदाज सांगायला लावा : अर्ध्याहून जास्त की कमी, एकाहून जास्त की कमी. चौकटीच्या वहीत १२ चौकटींची पट्टी आखून दोन तृतीयांश (८ चौकटी) आणि एक चतुर्थांश (३ चौकटी) वेगवेगळ्या रंगांनी रंगवायला सांगा. अकरा चौकटी भरलेल्या दिसल्या की ११/१२ पटते आणि छेद समान का करायचा तेही. पाढे तुमचे काम करता करता विचारा, पण कधीही क्रमाने नको. मराठीसाठी रोज पाच शब्द पुरे, मूळ रूप आणि प्रत्यय लागलेले रूप शेजारी शेजारी.

एक कळकळीची विनंती. ती अडली की उत्तर सांगू नका. "प्रश्नात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग," एवढेच म्हणा आणि थांबा. ते थांबणे जड जाते, मला ठाऊक आहे. दुसरे म्हणजे, घरी खोडरबर बाजूला ठेवा. चूक होताच ती इतकी जोरात खोडते की कागद फाटतो, आणि काय चुकले ते मलाही दिसत नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारून खाली नव्याने लिहू दे. चुकण्याची तिला भीती वाटते, म्हणूनच ती वर्गात शंका विचारत नाही असे मला वाटते. चाचणीचे गुण पाहून तुम्ही रागावलात, तर ती माझ्यापासूनही वही लपवेल.

१३ सप्टेंबरला याच धड्यांची चाचणी घेईन, आकडे बदलून. तोपर्यंत सरावाची वही दर शनिवारी तिच्याबरोबर पाठवा. उत्तरे चुकलेली असली तरी चालतील. भेटायचे असेल, तर बुधवारी तास संपल्यावर मी अर्धा तास थांबते.

आपली,
ईराच्या शिकवणीच्या बाई