फोर्ट पदभ्रमंती : वाटाड्यांसाठी एकत्रित टिपण

मंडळी, चौघांची टिपणं जोडून हे एकच टिपण केलं आहे. रविवारी सकाळी साडेसातला एशियाटिकच्या पायऱ्यांशी जमायचं आहे, त्याआधी प्रत्येकाने ते एकदा मोठ्याने वाचावं. चालताना हातात कागद धरून बोलायचं असतं, त्यामुळे डोळा जाईल तिथे हवं ते वाक्य सापडलं पाहिजे. म्हणून प्रत्येक थांब्याला तीच तीन शीर्षकं दिली आहेत. समोर उभं आहे ते वर्तमानकाळात, घडून गेलं ते भूतकाळात आणि वाटाड्याचं काम ‘सांगावे, थांबावे’ असं. मुद्दा छोट्या रेघेने सुरू होतो. मुद्द्यांचे क्रमांक, टिकमार्क आणि उद्गारचिन्हं काढली आहेत. ‘चर्च – खूप जुनं!! नक्की दाखवणे’ या ओळीचं काय झालं, ते दुसऱ्या थांब्यावर बघा.

थांबा १ : एशियाटिक सोसायटी (टाउन हॉल)

काय दिसते
- रुंद दगडी जिना आणि वर डोरिक पद्धतीचे उंच खांब
- समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग

काय सांगावे
- संस्था १८०४ मध्ये ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ या नावाने सुरू झाली
- ही इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली
- समोरच्या बागेला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव दिले गेले; त्याआधी ते एल्फिन्स्टन सर्कल होते

काय सांभाळावे
- ज्येष्ठांना जिना चढायला लावू नये, खालूनच बोलावे

थांबा २ : सेंट थॉमस कॅथीड्रल

काय दिसते
- वीर नरिमन मार्गालगत घड्याळाचा मनोरा

काय सांगावे
- मुंबईतले हे पहिले अँग्लिकन चर्च १७१८ च्या नाताळात उघडले
- किल्ल्याच्या तटातला इकडे येणारा दरवाजा तो चर्चगेट. स्टेशनचे नाव त्यावरूनच आले

काय सांभाळावे
- रविवारी प्रार्थना असते, बाहेर हळू आवाजात बोलावे

थांबा ३ : हुतात्मा चौक

काय दिसते
- १८६४ चे फ्लोरा फाउंटन
- शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार यांचे स्मारक

काय सांगावे
- कारंजे जवळपास जुन्या चर्चगेटच्याच जागी उभे राहिले. तट १८६० च्या दशकात पाडला गेला
- संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्येही शहरात गोळीबार झाले
- या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली
- महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले

काय सांभाळावे
- इथे इतर थांब्यांपेक्षा जास्त वेळ थांबावे; घाईने कारंज्याच्या शिल्पांकडे वळू नये
- रस्ता सिग्नलवरच ओलांडावा

या थांब्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. एका टिपणात हुतात्म्यांची संख्या १०५ होती, दुसऱ्यात १०६. दोन्ही आकडे छापील मजकुरात आढळतात. एकसारखेपणा आणायचा म्हणून त्यातला एक निवडणं मला पटत नाही. ऐकणाऱ्यांत गिरणगावातल्या घरांतली माणसं असतील, काहींच्या घरात ही आठवण ताजी असेल. कुणी नेमका आकडा विचारलाच तर दोन्ही सांगावेत. शिवाय एका टिपणात ‘मरण पावले’, दुसऱ्यात ‘शहीद झाले’ आणि तिसऱ्यात ‘हुतात्मा झाले’ असं होतं. चौकाचं नावच हुतात्मा चौक आहे, म्हणून सगळीकडे तोच शब्द ठेवला. एका टिपणातली ‘माझी आजी इथून जाताना आजही हात जोडते’ ही ओळ मात्र मुद्द्यांत कोंबली नाही. ज्या ताईने ती लिहिली, तिनेच चौकात आपल्या शब्दांत सांगावी.

थांबा ४ : राजाबाई टॉवर

काय दिसते
- ओव्हल मैदानाच्या कडेला ८५ मीटर उंचीचा मनोरा (एका टिपणात फूट होते, सगळीकडे मीटर ठेवले आहेत)

काय सांगावे
- आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले
- खर्चासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि मनोऱ्याला आईचे नाव दिले
- आईला घंटा ऐकून वेळ कळावी म्हणून मनोरा बांधला, ही गोष्ट ‘असे म्हणतात’ जोडूनच सांगावी

काय सांभाळावे
- विद्यापीठाच्या आवारात जाऊ नये, मैदानाच्या बाजूनेच पाहावे
- इथेच हजेरी घेऊन चर्चगेटकडे निघावे

दुरुस्ती सुचवायची असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत याच फाइलमध्ये समासात टीप टाका. नवी प्रत काढू नका. शनिवारी सकाळी छपाईला देते.