विषय : रीफर कंटेनरमधील द्राक्षांच्या मालाचे वाहतुकीत तापमान वाढल्याची लेखी सूचना आणि दाव्याच्या कार्यपद्धतीबाबत विचारणा

दिनांक : १८ मार्च २०२५

प्रति,
प्रमुख, माल नुकसान दावा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीमार्फत समुद्रमार्गे आलेला ताज्या द्राक्षांचा एक ४० फुटी रीफर कंटेनर काल, १७ मार्च रोजी, आमच्या शीतगृहात पोहोचला. त्यात २० पॅलेटवर प्रत्येकी ५ किलोच्या ३,००० पेट्या, म्हणजे १५,००० किलो निव्वळ माल आहे. प्रवासात या मालाचे तापमान ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेले होते आणि त्यामुळे मालाचे नुकसान झाले आहे, याची ही लेखी सूचना आहे. बिल ऑफ लेडिंग, सील तपासणीची नोंद आणि डिलिव्हरी पावती यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. डिलिव्हरी पावतीवर आम्ही ‘तापमानाच्या नोंदी तपासेपर्यंत हक्क राखून माल स्वीकारला’ असा शेरा लिहिला असून आपल्या चालकाने त्यावर स्वाक्षरी केली आहे.

बुकिंगच्या वेळी सेट पॉइंट उणे ०.५ अंश सेल्सिअस आणि हवा खेळती ठेवण्याची झडप ताशी १५ घनमीटरवर, अशा सूचना लेखी दिल्या होत्या व त्या बिल ऑफ लेडिंगवरही नमूद आहेत. माल भरताना पाठवणाऱ्याने प्रत्येक पॅलेटमधील मण्यांच्या गराचे तापमान मोजले होते. ते उणे ०.४ ते ०.३ अंशांच्या दरम्यान होते, म्हणजे माल नीट पूर्वशीत करूनच कंटेनरमध्ये चढवला गेला होता. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण रीफर यंत्रणा ही थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे, आणि माल उबदार भरला होता का हा प्रश्न आपल्या बाजूने सर्वांत आधी विचारला जाईल. मोजणीचे नोंदपत्र सोबत आहे.

पाठवणाऱ्याने कंटेनरमध्ये ३ डेटा लॉगर ठेवले होते : एक यंत्रणेच्या बाजूला, एक मध्यभागी आणि एक दरवाज्याजवळच्या शेवटच्या पॅलेटच्या वरच्या थरात. तिन्ही काल आमच्या कर्मचाऱ्याने पाठवणाऱ्याच्या प्रतिनिधीसमक्ष काढले आणि त्यांतील नोंदी तिथेच उतरवून घेतल्या. १८ फेब्रुवारीला माल भरल्यापासून ५ मार्चपर्यंत तिन्ही आलेख जवळजवळ सपाट आहेत. ५ मार्चच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांपासून तिन्ही ठिकाणी तापमान एकाच वेळी चढू लागते आणि ८ मार्चच्या सकाळी ६ वाजून ५० मिनिटांपर्यंत चढतच राहते. या ५५ तास १० मिनिटांच्या शेवटी दरवाज्याजवळचा लॉगर ९.२, यंत्रणेजवळचा ६.१ आणि मधला ५.४ अंश दाखवतो. त्यानंतर तापमान खाली येऊ लागते, पण तिन्ही ठिकाणी ते १ अंशाच्या खाली यायला १० मार्चची संध्याकाळ उजाडते. आपल्या मालशोध नोंदींनुसार या काळात कंटेनर जहाजावर नव्हता, तर ट्रान्सशिपमेंट बंदराच्या यार्डात होता.

हा डीफ्रॉस्टचा परिणाम म्हणता येणार नाही. डीफ्रॉस्टच्या वेळी हवेचे तापमान थोडा वेळ वर जाते आणि काही मिनिटांत परत जागेवर येते. याच आलेखांत पहिल्या पंधरवड्यात अशा लहान चढउतारांच्या खुणा नियमित अंतराने दिसतात आणि त्यांबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. ५ मार्चनंतर मात्र त्या खुणाही थांबतात. तापमान एका संथ, अखंड रेषेत वर जाते, ती बंद यंत्रणेच्या कंटेनरमध्ये भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेची रेषा आहे. त्यामुळे यार्डात कंटेनरचा वीजपुरवठा जोडला गेला नव्हता किंवा मध्येच खंडित झाला होता, असे आम्हाला सकृद्दर्शनी वाटते. खरे काय घडले हे कंटेनरच्या नियंत्रकातील नोंदींतूनच निश्चित होईल आणि त्या नोंदी आपल्या ताब्यात आहेत.

काल दार उघडल्यावर मण्यांच्या गराचे तापमान ०.४ ते १.६ अंश इतकेच होते. केवळ या आकड्यांच्या आधारे ‘माल थंड अवस्थेत सुपूर्द केला’ असे उत्तर आम्हाला मिळू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. डिलिव्हरीच्या क्षणी माल थंड असणे आणि संपूर्ण प्रवासात तो थंड राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. द्राक्षे तोडल्यानंतरही श्वसन करत असतात आणि तापमान वाढले की श्वसनाचा वेग झपाट्याने वाढतो. त्या दिवसांत मालाचे जे आयुष्य खर्ची पडले, ते पुन्हा थंड केल्याने परत मिळत नाही. शिवाय तापमान वर जाऊन खाली येताना लायनरच्या आत पाणी सुटते. ओलाव्याने सल्फर डायऑक्साइडच्या पॅडमधील वायू एकदम बाहेर पडतो, म्हणजे जो साठा पुढच्या दिवसांत बुरशीला रोखणार होता, तो आधीच संपतो.

पेट्यांत नेमके हेच दिसते आहे. ६ पॅलेटमधून आम्ही ६० पेट्या उघडल्या. त्यांपैकी १७ पेट्यांत लायनरच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते आणि पॅडचा कागद हाताला ओला लागत होता. ११ पेट्यांत मण्यांच्या देठाकडील भाग पांढुरका पडला आहे. ९ पेट्यांत राखाडी बुरशी आहे, आणि त्यांपैकी ४ पेट्यांत ती एका फुटलेल्या मण्यापासून शेजारच्या चार-पाच मण्यांवर पसरून त्यांचा गोळा झाला आहे. बऱ्याच घडांचे दांडे हिरवे राहिलेले नाहीत, ते तपकिरी होऊन वाळले आहेत. दरवाज्याजवळच्या पॅलेटची अवस्था सर्वांत वाईट आहे आणि ती लॉगरच्या आकड्यांशी जुळते. राखाडी बुरशी शून्याजवळच्या तापमानातही मंदपणे वाढत राहते, त्यामुळे आजचे आकडे अंतिम धरू नयेत.

सध्या सर्व माल उणे ०.५ अंशावर वेगळ्या कक्षात ठेवला आहे. तपासलेल्या पेट्या, पॅड, लायनर आणि तिन्ही लॉगर सीलबंद करून जपले आहेत, आणि आपल्या किंवा आमच्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय त्यांतील काहीही हलवले जाणार नाही. मात्र नुकसान वाढू न देणे हीही आमचीच जबाबदारी आहे. चांगला माल निवडून लवकर विकणे आणि उरलेला मिळेल त्या दराला काढणे, याला फार दिवस थांबता येणार नाही. आपले उत्तर उशिरा आले तर पुरावाही नासेल आणि मालही.

बिल ऑफ लेडिंगच्या मागील अटींनुसार या वाहतुकीला हेग-व्हिस्बी नियम लागू आहेत. त्या नियमांच्या तिसऱ्या अनुच्छेदातील सहाव्या परिच्छेदाप्रमाणे, वरकरणी न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून ३ दिवसांत द्यावी लागते. हे पत्र त्या मुदतीत पाठवत आहोत आणि ते तशी सूचना म्हणून नोंदवून घ्यावे. त्याच परिच्छेदानुसार वाहतूकदार आणि माल घेणारा यांनी मालाच्या तपासणीसाठी एकमेकांना सर्व वाजवी सोयी द्यायच्या असतात. त्या आधारे गुरुवार, २० मार्च रोजी सकाळी १० वाजता आमच्या शीतगृहात संयुक्त पाहणीसाठी आपला सर्व्हेअर पाठवावा, असे सुचवतो. ती वेळ सोयीची नसेल तर २१ मार्चपर्यंतची दुसरी वेळ कळवावी. त्यानंतर आम्हाला आमच्या सर्व्हेअरच्या एकट्याच्या अहवालावर पुढे जावे लागेल.

कंटेनरच्या नियंत्रकातील संपूर्ण नोंदी आम्हाला हव्या आहेत : माल भरल्यापासून रिकामा कंटेनर परत जाईपर्यंतचे आत सोडलेल्या व परत येणाऱ्या हवेचे तापमान, वीज खंडित झाल्याच्या आणि बिघाडाच्या सूचना, डीफ्रॉस्टच्या वेळा. सोबत यार्डात वीज जोडल्या-काढल्याच्या नोंदी आणि निघण्यापूर्वीच्या यंत्रणा तपासणीचा अहवालही मिळावा. रिकामा कंटेनर आज दुपारी आपल्या डेपोकडे जात आहे. पुढच्या फेरीसाठी तो देण्यापूर्वी नोंदी उतरवून घ्याव्यात आणि तोवर यंत्रणेची दुरुस्ती करू नये, एवढे तातडीने पाहावे. ही विनंती डेपोलाही कळवली आहे.

आता दाव्याच्या कार्यपद्धतीबाबत. ही सूचना पुरेशी आहे की आपल्या ठरावीक नमुन्यातील अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि तो कोणत्या विभागाकडे, कोणत्या मुदतीत द्यायचा, हे कळवावे. दाव्यासोबत बिल ऑफ लेडिंग, व्यापारी बीजक, पॅकिंग यादी, सर्व्हे अहवाल, लॉगरच्या नोंदी आणि विक्रीचा हिशेब एवढी कागदपत्रे देण्याची आमची तयारी आहे. याखेरीज काही लागत असेल, किंवा मूळ प्रतीच हव्या असतील, तर आताच सांगावे, म्हणजे पुढे एकेका कागदासाठी प्रकरण अडणार नाही.

नुकसानीची रक्कम उतरण्याच्या ठिकाणच्या व वेळच्या निरोगी मालाच्या बाजारभावातून प्रत्यक्ष विक्रीची रक्कम वजा करून काढावी, अशी आमची समजूत आहे. आपली पद्धत हीच आहे का? निवडणी, पुन्हा पॅकिंग, सर्व्हेअरचे शुल्क आणि विल्हेवाटीचा खर्च दाव्यात धरता येतो का? कमी दराने विक्री करण्यापूर्वी आपली लेखी संमती लागते का, आणि लागत असेल तर ती किती तासांत मिळू शकते? पूर्ण नासलेल्या पेट्या नष्ट करताना कोणाचे प्रमाणपत्र आपण ग्राह्य धरता? जबाबदारीची कमाल मर्यादा प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जी जास्त ती, अशी नियमांत आहे. बिल ऑफ लेडिंगवर पेट्यांची संख्या स्वतंत्रपणे नमूद असल्याने प्रत्येक पेटी हे एक नग धरले जाईल, याला आपला दुजोरा हवा आहे.

विमा कंपनीला आम्ही आजच कळवले आहे. तिने भरपाई दिल्यास वसुलीचा हक्क तिच्याकडे जाईल आणि पुढचा पत्रव्यवहार तिच्यामार्फत होऊ शकेल. आपला एखादा वेगळा संपर्क त्यासाठी असल्यास तोही द्यावा. न्यायालयात जाण्याची मुदत डिलिव्हरीपासून एक वर्षाची आहे. चौकशी लांबली तर ही मुदत लेखी वाढवून देण्याची आपली पद्धत काय आहे, हे आधीच समजलेले बरे.

या पत्राने किंवा माल स्वीकारल्याने आमचे कोणतेही हक्क आम्ही सोडलेले नाहीत. हे पत्र मिळाल्याची पोच, दाव्याचा नोंदणी क्रमांक आणि पाहणीच्या वेळेबाबतचे उत्तर उद्या, १९ मार्च रोजी कामकाजाच्या वेळेत मिळावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, आयात विभाग

सोबत : बिल ऑफ लेडिंग, शेऱ्यासह डिलिव्हरी पावती, सील तपासणीची नोंद, माल भरतानाच्या तापमानाचे नोंदपत्र, तिन्ही लॉगरचे आलेख व मूळ नोंदी, काल काढलेली तारीख-वेळेसह छायाचित्रे.
प्रत : विमा कंपनीचा दावा विभाग, माल पाठवणारे.