हापसे दुरुस्तीच्या आवाहनाला उत्तर: मार्चमधले तीन रविवार माझे

साक्री, १६ फेब्रुवारी २०२६

सुनंदाताई आणि गटातली सगळी मंडळी,
नमस्कार.

काल महाशिवरात्रीच्या फराळाला बसलो होतो, तेव्हा पुतण्यानं मोबाईलवर तुमचं आवाहन वाचून दाखवलं. पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवरचे नऊ हापसे बंद आहेत, उन्हाळ्याआधी चालू करायचे आहेत, जाणकार माणूस हवा, एवढं समजलं. मी हातपंप दुरुस्तीच्या पथकात एकतीस वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. हात अजून चालतात, कंबर नाही. म्हणून काय जमेल आणि काय जमणार नाही, ते आधीच लिहून देतो. नंतर रुसवे-फुगवे नकोत.

८, १५ आणि २२ मार्च हे तीन रविवार मी देतो. सकाळी सातला हापशाजवळ हजर असेन आणि एकला पाना खाली ठेवेन. १ मार्च मुद्दाम सोडला आहे, कारण होळीच्या तोंडावर पाड्यावर तुम्हाला माणूस सापडणार नाही, आणि सापडला तरी त्याचं लक्ष ढोलाकडे असेल. २९ तारखेला मी सप्तशृंगी गडाच्या पायवाटेवर असेन, त्यामुळे तोही नाही. येणं-जाणं माझ्या गाडीनं, पेट्रोल माझं. जेवणाचा घाट घालू नका. दुपारी कोणाच्या घरची भाकर आणि लसणाची चटणी मिळाली तर तेवढं भरपूर झालं.

आता एक अट. ही मान्य नसेल तर बाकीचं वाचू नका. प्रत्येक हापशापाशी त्याच पाड्यावरची दोन माणसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्यासोबत हवीत, आणि पाना त्यांच्या हातात असेल. मी शेजारी बसून सांगणार. एक बाई असेल तर फारच बरं. हापसा बिघडला हे सगळ्यात आधी तिला कळतं, पुरुषाला ते हंडा रिकामा आल्यावर कळतं. मी गाडीवर येऊन दुरुस्त करून निघून गेलो तर पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा हेच आवाहन लिहाल, आणि तेव्हा माझी कंबर आणखी वाकलेली असेल.

नऊच्या नऊ हापसे तीन रविवारांत होणार नाहीत. का, ते सांगतो. आपल्याकडे सगळे इंडिया मार्क टू आहेत. (हा पंप मूळचा आपल्याच मुलखातला. जालन्याच्या आणि सोलापूरच्या कारखान्यांत घडलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात तो तयार झाला. नव्या पोरांना मी हे सांगतोच, लोखंडाकडे जरा मानानं बघतात.) यात खालचा वॉशर बदलायचा असला तरी वरपासून खालपर्यंत सगळे पाईप बाहेर काढावे लागतात. पाईप तीन मीटरचा, एकेक दहा किलोच्या आसपास. आतली सळई वेगळी. चौदा पाईप असतील तर सुरुवातीला क्लॅम्पवर पावणेदोनशे किलो लटकत असतं, आणि पाण्याचं वजन धरलं तर त्याहून जास्त. सवयीची टोळी हे काम दोन तासांत करते. नवख्या हातांना तीन-साडेतीन लागतील. म्हणून रविवारी एक खोल काम आणि एक वरचं काम, म्हणजे चेन, बेअरिंग, ग्रीस, नट-बोल्ट. तीन रविवारांत सहा. उरलेले तीन त्याच शिकलेल्या पोरांनी एप्रिलमध्ये करावेत, मी फोनवर आहे.

कोणते सहा घ्यायचे हे ठरवायला मला तुमच्याकडून माहिती हवी. यादीत सगळ्यांपुढे "बंद" एवढंच लिहिलं आहे. बंद म्हणजे काय? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "आजारी आहे" म्हणण्यासारखं झालं हे. या आठवड्यात कोणीतरी प्रत्येक हापशाला जाऊन दांडा हातात धरावा. दांडा एकदम हलका लागतो, पोकळ, आणि पाण्याचा पत्ता नाही, तर बहुतेक आत सळई सुटली किंवा तुटली आहे. दांडा नेहमीसारखा जड आहे, पण पाणी यायला दहा-पंधरा हापसे मारावे लागतात आणि एकदा आलं की नीट येतं, तर खालचा व्हॉल्व्ह गळतो किंवा एखादा पाईप भोक पडलेला आहे. पाणी लगेच येतं पण बारीक येतं, तर वॉशर झिजले. हे मोजता येतं: बादली लावा, मोबाईलचं घड्याळ लावा, मिनिटात चाळीस हापसे मारा. चांगला हापसा पंधरा लिटरच्या आसपास देतो. आठ-नऊ भरले तर मला वॉशर घेऊन यायचं आहे एवढं कळलं. दांडा वर जाताना चेन दुमडते का तेही बघा. दुमडत असेल तर पिस्टन आत अडकतोय.

आणि एक प्रकार असा आहे की ज्यात हापशाचा दोषच नसतो. पहाटे सात-आठ हंडे भरतात, मग नुसती हवा, तासाभरानं पुन्हा दोन हंडे. तिथं बोअरचं पाणी खाली गेलं आहे. बोअर खोल असेल तर दोन पाईप वाढवून बघता येईल, नाहीतर मी काय, ब्रह्मदेव आला तरी वॉशर बदलून पाणी निघणार नाही. आपला भाग काळ्या पाषाणाचा, पाणी भेगांतून येतं. त्यात डाईक, म्हणजे जमिनीखालच्या कठीण दगडाच्या भिंती, उभ्या-आडव्या. एका बाजूच्या हापशाला बारमाही पाणी आणि शंभर पावलांवरचा दुसरा होळीला कोरडा, हे मी कितीदा पाहिलं. तुमच्या यादीतला चौथा, चिंचेखालचा, मला या प्रकारातला वाटतो. १९९८ का ९९ च्या उन्हाळ्यात तिथं एकदा पाईप वाढवल्याचं आठवतं. तेव्हा एक म्हातारी आजी दिवसभर मेंढरासारखी शांत बसून होती आणि संध्याकाळी एवढंच म्हणाली, "भाऊ, हापसा नुसता वारा खास." हापसा नुसता वारा खातो, हे तिचं निदान बरोबर होतं.

कंबरेबद्दल लिहिलं, आता भीतीबद्दलही लिहितो. निवृत्तीच्या काही वर्षं आधी माझ्या हातून एक बोअर गेला. सातवा पाईप सोडत होतो. क्लॅम्पचा दांडा पूर्ण दाबला गेलाय की नाही, हे मी हात लावून बघितलं नाही, नुसतं विचारलं, "आवळलं ना?" पोरगा "हो" म्हणाला. कपलिंग सुटलं तशी खालची सगळी लड घरंगळत गेली. पहिला आवाज लोखंडाचा होता, मग पाण्याचा. दोन दिवस गळ टाकून बसलो, सात पाईप आणि सिलिंडर काही वर आलं नाही. त्या वस्तीच्या बायका तो उन्हाळा नदीच्या झिऱ्यावर गेल्या. पोराचा काय दोष, तो दुसऱ्यांदाच आला होता. विचारून भागत नाही, हात लावून बघायचं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. म्हणून माझ्या रविवारी तीन गोष्टी कडक पाळायच्या: क्लॅम्प मी स्वतः हात लावून बघितल्याशिवाय पाईप सुटणार नाही, बोअरच्या तोंडावर कोणी खिशात मोबाईल किंवा पाना ठेवून वाकणार नाही, आणि लहान पोरं दहा पावलं लांब. गर्दी जमते, मला माहीत आहे. गर्दीला आवरायला तुमचा एक आवाजवाला माणूस द्या.

सामान माझ्याकडे अर्धं आहे. दोन मोठे पाईप पाने, सळईचा क्लॅम्प, चेन कपलर, स्पॅनर, तार-ब्रश, ग्रीसचा डबा. पाईप उचलायचे लिफ्टर आणि सेल्फ लॉकिंग क्लॅम्प मात्र नाहीत, ते खात्याचे होते, खात्यातच राहिले. ते तुम्ही मागून आणा. हापसे ग्रामपंचायतीचे, तेव्हा ग्रामपंचायतीचं पत्र तर लागेलच. त्याच पत्रात "साहित्य तीन दिवसांसाठी मिळावं" एक ओळ वाढवा आणि पंचायत समितीत पथकाच्या लोकांना जाऊन भेटा. माझं नाव सांगितलंत तर चहा पाजतील. पत्राशिवाय मी बोल्ट सुद्धा सोडणार नाही, आधीच सांगतो.

बाकी खर्च तुमच्या वर्गणीतून: वॉशर, सीलिंग रिंगा, व्हॉल्व्हची रबरं, दोन चेन, दोन बेअरिंग सेट, आणि गंजलेल्यांच्या जागी पाच-सहा पाईप. स्वस्तातला पाईप घेऊ नका. आटा नीट नसला की वरून सगळं चकचकीत आणि आत सुतळी गुंडाळून भागवायची वेळ येते. दर हापशामागे ब्लीचिंग पावडरही लागेल. पाईप जमिनीवर ठेवलेले असतात, माती, शेण, सगळं लागतं. दुरुस्ती झाली की पावडर पाण्यात कालवून वरचं निवळ आत सोडायचं आणि रात्रभर हापसा बांधून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी हापसून फेकायचं. इथं बायका चिडतात. आठ महिन्यांनी पाणी आलं आणि हा म्हातारा दांडा दोरीनं बांधतोय! त्यांना आदल्या दिवशीच घरी जाऊन सांगा, म्हणजे एक दिवसाचं पाणी त्या भरून ठेवतील.

मोटरचं काम मी करत नाही, सोलर पंपाचंही नाही. विचारलंत तर चुकीचं सांगेन. तिथे दुसरा माणूस बघा.

प्रत्येक हापशाची दांडा-परीक्षा आणि चाळीस हापशांचा आकडा मला बुधवार, २५ तारखेपर्यंत कळवा. कागदावर लिहून फोटो पाठवला तरी चालेल, पुतण्या वाचून दाखवतो. गुरुवारी धुळ्याला नातीच्या कामानं जायचंच आहे, सामान तिथूनच घेऊन येईन, पावत्या जपून ठेवीन. पहिल्या रविवारी शाळेजवळचा हापसा घेऊ. तिथं सावली आहे आणि पाईप कमी आहेत असं आठवतं, नव्या हातांना सोपं जाईल.

आपला,
भास्कर नाना

ता. क. शिकायला येणाऱ्यांना चपला नको, बूट घालून यायला सांगा. नसतील तर शाळेतल्या पोरांचे मागा. पाईप पायावर पडला तर तो अंगठा विचारत नाही कोणाचा आहे.