थाळीच्या दरात बदल : सोमवार, 1 जून 2026 पासून

रोजच्या मंडळींना नमस्कार,

सोमवारपासून साधी थाळी 120 ऐवजी 130 रुपये होईल. साठ कुपनांचं महिन्याचं कार्ड 5,400 वरून 6,000 रुपये, म्हणजे जेवणामागे 90 चे 100. जादा पोळी 10 ची 12. ताक, सोलकढी आणि रविवारचं गोड यांचे दर तेच राहतील.

मुख्य कारण गॅस आणि तेल. आपल्याकडे दिवसाला साधारण 240 थाळ्या होतात. त्याला 19 किलोचे दोन सिलिंडर लागतात, आणि 15 किलोचा तेलाचा डबा जेमतेम चार दिवस पुरतो. पोळ्या लाटणाऱ्या ताईंचा पगारही एप्रिलपासून वाढवला. तो वाढायलाच हवा होता.

दर न वाढवता भागवता आलं असतं : पोळी लहान करायची, आमटी पातळ करायची, शेंगदाणा तेलाऐवजी पामतेल आणायचं. पण पहिल्याच घासाला तुम्हाला ते कळलं असतं. त्यामुळे चार पोळ्या, दोन भाज्या, आमटी, भात, कोशिंबीर हे आहे तसंच राहील. भात-आमटी पूर्वीसारखीच पोटभर.

ज्यांचं कार्ड चालू आहे, त्यांची कुपनं संपेपर्यंत जुनाच दर. 31 मेपर्यंत पैसे भरल्यास एक कार्ड जुन्या दरात मिळेल. एकाच नावावर दोन मात्र नाहीत. पार्सलच्या डब्याचे 10 रुपये लागतात, घरचा डबा आणलात तर लागणार नाहीत. विद्यार्थ्यांना कार्डाचे पैसे दोन हप्त्यांत भरता येतील, गल्ल्यावर सांगा.

– खानावळ चालक, सदाशिव पेठ, पुणे