बर्फातले बूट: ओटावाच्या एका अख्ख्या हिवाळ्यानंतर

पायाला ऊब देण्यात हे बूट पहिल्या नंबरचे, ओल्या बर्फावरच्या पकडीत मधले आणि वाळण्यात कच्चे. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत रोज हेच घालून घर ते बसस्टॉप आणि पुढे बसपासून गोदामापर्यंत चाललो, त्यावरून हे लिहितोय. सध्या सुट्टीवर दारव्ह्याजवळच्या गावी आहे. आपल्याकडची तीन-चार पोरं येत्या सप्टेंबरात कॅनडाला शिकायला निघालीत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "काका, बूट नागपुरातूनच घेऊन जाऊ का जी?" नका घेऊ. का ते खाली येईलच.

कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीचे बूट कॅनडात चार नावांनी मिळतात. घडण ओळखता आली की झालं. खाली पायाभोवती अखंड रबर, वर चामडं, घोट्याच्या वर चांगलं वीतभर उंच, आत ४०० ग्रॅमचं इन्सुलेशन. हे ४०० ग्रॅम म्हणजे बुटाचं वजन नव्हे, अस्तराच्या दर चौरस मीटरचं वजन. किंमत १८० डॉलर, वर ओंटारिओचा १३ टक्के कर.

डब्यावर उणे ३२ अंश लिहिलंय. चालत्या पायासाठी ते पटतं. उणे २५ च्या सकाळी चालताना बोटं गरम होती. पण बस उशिरा आली आणि स्टॉपवर उभं राहावं लागलं की थंडी तळातून वर चढते. लोकरीचा जाड इनसोल टाकल्यावर फरक पडला. माप मात्र अर्धा नंबर मोठं घ्या, आणि दुकानात जाड लोकरी मोजे घालूनच पाय टाकून पाहा. बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही, आतली हवा दबते, मग कितीही ग्रॅमचं अस्तर असो, बोटं बधिर होतात. नागपुरातून घेऊ नका म्हणतो ते याचसाठी: तिथे बर्फाचे बूट म्हणून जे दाखवतात त्यात बहुतेक नुसता केसाळ अस्तराचा देखावा असतो, आणि तो जाड मोजा घालून पाहायची सोय नसते.

आता पकड. भुसभुशीत ताज्या बर्फात हे बूट छान चालतात. तळाच्या खाचा खोल आणि दूर-दूर आहेत, त्यामुळे बर्फ अडकून राहत नाही. बारीक नक्षीच्या तळाला तो असा चिकटतो, जशी पावसात वावरातली काळी माती चपलेला. खरी परीक्षा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाची. तिथे हे घसरतात, विशेषतः कडाक्याच्या थंडीत तळाचं रबर कडक झालं की. टोरंटोची काईट प्रयोगशाळा बर्फाळ उतारावर माणसांना चालवून बुटांची पकड तपासते. किमान ७ अंशांच्या उतारावर टिकला तर बुटाला एक हिमचिन्ह मिळतं. २०१६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा निकाल जाहीर केले तेव्हा बहुतेक बूट नापास झाले होते. घेण्याआधी ती यादी पाहाच. गोठणारा पाऊस पडतो त्या दिवशी मी वरून खिळ्यांचे रबरी पट्टे चढवतो. आत शिरताना ते काढायचे, फरशीवर त्यानेच घसरतं.

नांगरगाडी रस्ता साफ करते आणि सगळा बर्फ फुटपाथच्या कडेला लोटते. तो ढीग ओलांडायचा तर बुटाची उंची लागतेच. पलीकडे राखाडी चिखलपाणी साचलेलं, खोली वरून कळत नाही. रबर तिथे एकदाही गळलं नाही. मार्चमध्ये मात्र डाव्या बुटात, अंगठ्यापाशी वाकतो तिथे रबर-चामड्याच्या जोडाला केसाएवढी चीर पडली, आणि त्यातून ओल येते. एका हंगामात हे व्हायला नको होतं. मिठानंही हातभार लावला असावा. रस्त्यावर टाकलेलं मीठ चामड्यावर पांढऱ्या रेघा उमटवतं आणि ते कोरडं पाडतं. रोज रात्री पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर घेऊन फडक्यानं पुसा, आठवड्यातून एकदा मेण लावा.

वाळण्याची गोष्ट सर्वात त्रासाची, कारण याचं अस्तर आत शिवलेलं आहे, निघत नाही. बसमध्ये हीटर चालू असतो, पायाला घाम येतो, आणि तो सकाळपर्यंत वाळत नाही. इनसोल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, झोपायच्या आधी एकदा बदला. हीटरला टेकवून ठेवू नका, चिकटवलेले जोड उखडतात. कामाच्या जागी मी साधे बूट वेगळे ठेवतो.

दहा-पंधरा मिनिटं चालून बस पकडणाऱ्याला हे बूट पुरेसे आहेत. बाहेर उभं राहून तासन्तास काम असेल तर हे नकोत, निघणाऱ्या नमद्याच्या अस्तराचे जड बूट घ्या. मीसुद्धा पुढच्या जोडीला अस्तर निघणारंच पाहणार आहे.